इंटिरिअर आणि फॅशन डिझाइनमधलं करिअर: पदवी, उमेदवारी की स्वतंत्र व्यवसाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रामुख्याने महाराष्ट्रातले विद्यार्थी, त्यांचे पालक आणि नुकतंच स्वतःचं काम सुरू केलेले डिझायनर विचारतात. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रुपयांची उदाहरणं हिशोबाची पद्धत कळावी म्हणून आहेत. आपल्या गावातले भाव त्यात घालून बघावेत.

१. इंटिरिअर किंवा फॅशन डिझायनर म्हणून काम करायला पदवी कायद्याने सक्तीची आहे का?

नाही. डॉक्टर किंवा वकिलाला लागते तशी परवाना-नोंदणी या दोन्ही व्यवसायांत नाही. दहावी झालेला सुतार स्वतःला इंटिरिअर डिझायनर म्हणवू शकतो, घरी ब्लाउज शिवणारी बाई फॅशन डिझायनरची पाटी लावू शकते, आणि दोघांचंही कायदेशीरदृष्ट्या काही चुकत नाही.

बंधन ‘आर्किटेक्ट’ या शब्दावर आहे. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असल्याशिवाय ती उपाधी लावता येत नाही. हे संरक्षण उपाधीपुरतं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणून व्हिजिटिंग कार्डावर ‘इंटिरिअर आर्किटेक्ट’ छापण्याची हौस नोंदणी नसलेल्याने टाळावी.

पदवी अडते ती नोकरीत. मोठी डिझाइन ऑफिसं, निर्यात करणारे कपड्यांचे कारखाने, शिकवण्याच्या जागा आणि परदेशातला पुढचा अभ्यास इथे पहिल्या चाळणीतच ती मागतात. घरमालक किंवा लग्नाचा घागरा शिवून घेणारी मुलगी मात्र आधीचं काम पाहते, प्रमाणपत्र नाही.

२. पदवी, डिप्लोमा आणि आयटीआय यांत नेमका फरक काय? कोणी कुठे जावं?

चार वर्षांची पदवी विचार आणि रेखाटन शिकवते, आयटीआयचा एक वर्षाचा अभ्यासक्रम हात बसवतो, आणि डिप्लोमा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. कुठे, ते त्या-त्या संस्थेवर ठरतं.

फॅशनमध्ये निफ्ट ही केंद्र सरकारची संस्था १९८६ पासून आहे आणि तिचं मुंबई केंद्र खारघरला आहे. तिथल्या चार वर्षांच्या बी.डिझाइनला बारावी कुठल्याही शाखेतून चालते, त्यामुळे कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलं म्हणून दार बंद होत नाही. बी.एफ.टेक म्हणजे कपड्यांच्या उत्पादनाचं तंत्रज्ञान. त्याला मात्र बारावीत गणित लागतं. बी.डिझाइनच्या प्रवेश परीक्षेच्या पुढच्या टप्प्यात ‘सिच्युएशन टेस्ट’ असते. दिलेल्या साहित्यातून ठरलेल्या वेळात हाताने वस्तू उभी करायची असते. चित्रकला उत्तम असलेली मुलं इथे अडखळतात, कारण त्यांनी कात्री, पुठ्ठा आणि तार कधी हाताळलेली नसते.

इंटिरिअरसाठी मुंबईतल्या १८५७ पासूनच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात ललितकला पदवीखाली इंटिरिअर डेकोरेशन शिकता येतं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात इंटिरिअर डिझाइनची स्वतंत्र पदवी आहे. आयटीआयमध्ये ‘इंटिरिअर डिझाइन अँड डेकोरेशन’, ‘फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ आणि ‘सुइंग टेक्नॉलॉजी’ हे एक वर्षाचे ट्रेड आहेत. सरकारी आयटीआयची फी खाजगी संस्थेच्या तुलनेत अगदी कमी असते. ज्याला दोन वर्षांत कमावतं व्हायचं आहे त्याने आयटीआय आणि त्यानंतर उमेदवारी (प्रश्न ४) हा मार्ग कमीपणाचा समजू नये. सुइंग टेक्नॉलॉजी केलेली मुलगी मशीनवर पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते.

३. खाजगी संस्थेची जाहिरात छान आहे, फी लाखांत आहे. पैसे भरण्याआधी काय तपासू?

पहिली गोष्ट, पदवी कोण देणार आहे. अनेक संस्था स्वतः विद्यापीठ नसतात. त्या कुठल्या तरी विद्यापीठाशी करार करून पदवी देतात. ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का ते पाहा आणि करार तुमच्या संपूर्ण तीन-चार वर्षांसाठी आहे का ते लेखी विचारा. नुसतं ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ म्हणजे पदवी नव्हे.

दुसरी, आठवड्याचं वेळापत्रक मागा. इंटिरिअरच्या वर्गाला सुतारकामाची कार्यशाळा आणि साइट भेटी किती तास आहेत? फॅशनच्या वर्गात किती मुलांमागे एक शिलाई मशीन आहे? तीस मुलांत सहा मशीन असतील तर मुलगी तासातला बराचसा वेळ रांगेत उभी राहील.

तिसरी आणि सगळ्यांत बोलकी: शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम पाहायला मागा, पण संगणकावरची झगमगीत थ्री-डी चित्रं नकोत. एका कपाटाचं वर्किंग ड्रॉइंग मागा, ज्यावर सुताराला लागणारी सगळी मापं आहेत. फॅशनमध्ये एका कुर्त्याचा कागदी पॅटर्न आणि त्यावरून शिवलेला कुर्ता, दोन्ही मागा. शेवटच्या वर्षाला हे दाखवता येत नसेल तर फी कशाची आहे ते कळतं.

४. अप्रेंटिसशिप आणि इंटर्नशिप एकच ना?

नाही, आणि हा घोळ महागात पडतो. अप्रेंटिसशिप १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली होते. तिचा करार apprenticeshipindia.gov.in वर नोंदवला जातो, विद्यावेतन सक्तीचं असतं आणि शेवटी मान्य प्रमाणपत्र मिळतं. २०१९ च्या सुधारित नियमांनी हे वेतन शिक्षणानुसार महिना किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं. त्यानंतरचे बदल धरून चालू आकडा करार करताना पोर्टलवर पाहावा. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणं बंधनकारक आहे, म्हणून कपड्यांचे कारखाने आणि मॉड्युलर फर्निचरचे कारखाने ही अर्ज करायची योग्य ठिकाणं. पदवी-पदविकाधारकांसाठी nats.education.gov.in हे वेगळं पोर्टल आहे.

इंटर्नशिप म्हणजे कॉलेज आणि ऑफिस यांच्यातली किंवा नुसती तोंडी व्यवस्था. तिला वरचं संरक्षण नाही. पाच-सहा माणसांच्या डिझाइन स्टुडिओत बहुधा हीच मिळते. ती घेऊ नये असं नाही, पण सहा महिन्यांत कोणत्या साइटवर जायला मिळेल, कुठली ड्रॉइंग स्वतः काढायला मिळतील आणि त्यांपैकी काय आपल्या पोर्टफोलिओत दाखवता येईल, हे आधी ई-मेलवर लिहून घ्यावं.

५. मिस्त्रीच्या किंवा टेलर मास्टरच्या हाताखाली राहून असं काय कळतं, जे कॉलेजात कळत नाही?

माल कसा कापला जातो ते. एक उदाहरण सविस्तर घेऊ.

सात फूट रुंद, सात फूट उंच आणि दोन फूट खोल कपाट करायचं आहे. प्लायचा तावा आठ बाय चार फुटांचा. कॉलेजातून आलेली मुलगी दर्शनी भाग तीन शटरांत वाटते, कारण कागदावर ते देखणं दिसतं. प्रत्येक शटर २८ इंच. तावा ४८ इंच रुंद, म्हणजे एका ताव्यातून एकच शटर निघतं आणि २० इंचांची पट्टी उरते. तीन शटरांना तीन तावे. तेच चार शटर केले की प्रत्येक २१ इंचांचं होतं, एका ताव्यातून दोन निघतात आणि दोन ताव्यांत काम भागतं. प्लायची २० इंची पट्टी कप्प्यांना वापरता येईलही, पण शटरावर बाहेरून लावायच्या सनमायकाचा तावाही आठ बाय चारचाच असतो आणि त्याच्या उरलेल्या रंगीत पट्टीला कपाटाच्या आत जागा नसते. शिवाय २८ इंची शटर वजनाने बिजागऱ्यांवर लोंबतं आणि वर्षभरात खालच्या कोपऱ्यात घासायला लागतं.

आता उरलेलं कपाट. दोन बाजू, मधली एक उभी फळी, वर आणि खाली एकेक: सात बाय दोनचे पाच तुकडे, म्हणजे अडीच तावे. प्रत्येक खणात तीन याप्रमाणे सहा कप्पे, ४१ इंच लांब आणि २२ इंच खोल. एका ताव्यातून चार निघतात आणि आधीच्या अर्ध्या ताव्यातून उरलेले दोन. असे एकूण चार तावे, शटरांचे दोन, मिळून १८ मिलिमीटरच्या प्लायचे सहा. मागच्या सहा मिलिमीटरच्या फळीला दोन तावे वेगळे. चार शटर धरून कपाट सहा ताव्यांत बसतं, ड्रॉवर घेतले तर ते वेगळे. ४१ इंची कप्प्यावर साड्यांच्या चळती ठेवल्या की तो मध्ये वाकतो, म्हणून पुढच्या कडेला लाकडी पट्टी ठोकतात किंवा मधोमध आधार देतात. हे मिस्त्री विचारल्याशिवाय सांगत नाही, कारण त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

मोजमापाचंही तसंच. दोन भिंतींमधल्या कोनाड्याचं माप नवखा माणूस एकदाच घेतो. मिस्त्री ते खाली, मध्ये आणि वर असं तीनदा घेतो, पुढे एकदा आणि मागे एकदा, आणि कोपऱ्यात गुण्या लावतो. प्लास्टर केलेली भिंत क्वचितच काटकोनात असते. सर्वांत लहान माप धरून कपाट करायचं आणि उरलेली फट पट्टीने झाकायची. सरासरी माप धरलं तर कपाट आत जातच नाही.

शिलाईत हाच धडा आटण्याचा आणि धाग्याचा. सुती कापड न धुता ४० इंच लांबीचा कुर्ता कापला आणि ते पाच टक्के आटलं, तर पहिल्या धुण्यात दोन इंच जातात. उभा धागा सरळ न ठेवता, कापड वाचवायला तुकडा जरा तिरका बसवला तर तो भाग उरेब होतो आणि धुतल्यावर कुर्त्याची बाजूची शिवण पुढे फिरते. तेव्हा ग्राहक शिलाईला दोष देतो, पण चूक कापण्यात असते. ब्लाउजला आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, किती ठेवायची हेही मास्टरच्या हाताखालीच समजतं. ती कमी ठेवली तर सहा महिन्यांनी ब्लाउज सैल करून देता येत नाही.

६. मग थेट उमेदवारीच करावी, पदवीचा खर्च कशाला?

उमेदवारीला एक मर्यादा आहे. मास्टरला जे येतं तेवढंच शिकायला मिळतं, आणि का ते बहुधा मिळत नाही. दहा वर्षं लग्नाचे घागरे कापणाऱ्याला कारखान्यात एकाच पॅटर्नवरून सहा साइझ काढायचं ग्रेडिंग जमेलच असं नाही. उत्तम सुताराला प्रकाशयोजनेचा आणि विजेच्या पॉइंटचा नकाशा एकत्र वाचता येईलच असं नाही. दहा वेगवेगळ्या कारागिरांना एकाच कागदावर आणणारी ड्रॉइंगची भाषा ही पदवीची खरी कमाई.

म्हणून निवड बहुधा क्रमाची असते. ज्याला ऑफिस, दुकान, हॉटेल अशी कामं करायची आहेत किंवा कारखान्यात मर्चंडायझर, पॅटर्न विभागात जायचं आहे, त्याने पदवी घ्यावी आणि प्रत्येक उन्हाळी सुट्टी कारागिराजवळ काढावी. ज्याला आपल्या शहरात घरांची कामं किंवा बुटीक करायचं आहे, त्याने आयटीआय आणि दोन-तीन वर्षं उमेदवारी करून मग ड्रॉइंगचा किंवा पॅटर्नचा छोटा अभ्यासक्रम करावा. दुसऱ्या वाटेने आलेल्या माणसाला काय शिकायचं आहे ते नेमकं माहीत असतं.

७. स्वतःचं काम किती वर्षांनी सुरू करावं?

वर्षांपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. एक काम मापापासून ताबा देईपर्यंत, वरिष्ठाच्या मदतीविना, तुम्ही पूर्ण केलं आहे का? फोन केला की येतील असे किमान दोन सुतार, एक इलेक्ट्रिशियन, एक रंगारी, किंवा फॅशनमध्ये एक कटिंग मास्टर आणि दोन कारागीर तुमच्या ओळखीचे आहेत का? आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का? तिसरी गोष्ट नसली की माणूस पहिल्या ग्राहकाच्या आगाऊ रकमेतून घरभाडं भरतो आणि प्लायच्या दुकानदाराला दुसऱ्या ग्राहकाच्या पैशातून देतो. नवे व्यवसाय बुडतात ते बहुधा याच साखळीने.

८. इंटिरिअरची फी कशी ठरवू? सल्ला द्यावा की सगळं काम अंगावर घ्यावं?

समजा ६५० चौरस फूट कार्पेटचा टू-बीएचके आहे आणि कामाचं बजेट दहा लाख. दहा टक्के फी धरली तर एक लाख. ती मोठी वाटते, पण तास मोजा. मापं, आराखडे, थ्री-डी, वर्किंग ड्रॉइंग आणि सामानाची निवड मिळून १५० तास. साइटच्या सोळा फेऱ्या, जाण्यायेण्यासह चार तासांच्या, म्हणजे ६४ तास. एकूण २१४ तासांत एक लाख, म्हणजे तासाला साधारण ४६७ रुपये, पेट्रोल आणि सॉफ्टवेअरचा खर्च वजा व्हायच्या आधी. सोळाच्या तीस फेऱ्या झाल्या तर २७० तास होतात आणि तोच दर ३७० वर येतो. म्हणून करारात फेऱ्यांचा आणि बदलांचा आकडा हवा, उदाहरणार्थ सोळा फेऱ्या आणि आराखड्यात दोन वेळा बदल. त्यापुढे प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे.

हप्ते कामाच्या पुढे असावेत: करारावर २० टक्के, आराखडा मान्य झाल्यावर ३०, वर्किंग ड्रॉइंग हातात देताना ३०, उरलेले २० साइट चालू असताना. शेवटचा हप्ता ‘काम पूर्ण झाल्यावर’ असा कधीही लिहू नये. एका ड्रॉवरच्या खटक्यावरून तो वर्षभर अडकतो.

सगळं काम अंगावर घेणं, म्हणजे टर्नकी, यात नफा जास्त दिसतो, पण प्लायचा भाव वाढला किंवा सुतार गावी गेला तर नुकसान तुमचं. पहिली तीन-चार कामं सल्ल्याची करावीत. दुकानदार डिझायनरला कमिशन देऊ करतात. ते घ्यायचं असेल तर ग्राहकाला करारातच सांगावं. नंतर कळलं तर त्याला तुमची प्रत्येक निवड संशयास्पद वाटते. टर्नकीमुळे कराचं गणितही बदलतं, ते प्रश्न १० मध्ये आहे.

९. माझे कुर्ते विकले जातात, तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही. का?

बहुतेक वेळा स्वतःची मजुरी आणि दुकानाचं कमिशन हिशोबात नसतं. एका कुर्त्याचं पाहू. अडीच मीटर कापड १८० रुपयांनी ४५०, शिलाई २५०, बटणं-लेस ४०, इस्त्री आणि पॅकिंग ३०. झाले ७७०. शंभरात पाच नग खराब निघतात, त्याचे ४०. महिन्याला ८० कुर्ते आणि जागेचं भाडं-वीज ८,०००, म्हणजे नगामागे १००. आता ९१०. डिझाइन, खरेदी आणि ग्राहकांशी बोलणं या तुमच्या कामाचे १५० धरले तर खरी किंमत १,०६०.

हा कुर्ता थेट ग्राहकाला १,६०० ला गेला तर ५४० उरतात. तोच मल्टी-ब्रँड दुकानात ३५ टक्के कमिशनवर ठेवला तर दुकान ५६० घेतं, तुम्हाला १,०४० मिळतात आणि प्रत्येक नगामागे २० रुपये तोटा होतो. शिवाय न विकलेले नग दोन महिन्यांनी हाताळून मळलेले परत येतात. दुकानात ठेवायचाच असेल तर किंमत दुकानाचं कमिशन धरून ठरवावी आणि थेट विक्रीतही तीच ठेवावी. तुम्ही स्वस्त विकलं तर दुकानदार माल काढून टाकतो.

१०. नोंदणी आणि कर यांत सुरुवातीला काय लागतं?

छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०२५ च्या सुधारणेनंतर, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीऐवजी फक्त सूचना द्यावी लागते.

जीएसटीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे. नुसता सल्ला देणाऱ्याची उलाढाल म्हणजे त्याची फी. टर्नकी घेणाऱ्याची मात्र संपूर्ण कामाची रक्कम धरली जाते. बारा लाखांची दोन घरं केली की तो मर्यादा ओलांडतो, मग हातात तीन लाख उरले असले तरी. नोंदणीनंतर १८ टक्के कर बिलावर येतो आणि जुन्या ग्राहकाशी ‘सगळं धरून’ असा करार असेल तर तो तुमच्या खिशातून जातो.

आयकरात इंटिरिअर डेकोरेशन हा नावाने नमूद असलेला व्यवसाय आहे. त्यामुळे फीच्या पन्नास टक्के रक्कम उत्पन्न मानून हिशोबवह्यांचा व्याप टाळण्याची सोय मिळते. टर्नकीची रक्कम फीमध्ये मिसळली तर ती विस्कटते, म्हणून दोन्हींची बिलं वेगळी ठेवावीत. कपडे शिवून विकणं हा धंदा धरला जातो आणि त्याला नियम वेगळे आहेत.

११. ग्राहक म्हणतो, ‘किचन आणि हॉलमधली भिंत पाडा.’ इंटिरिअर डिझायनर हे करू शकतो का?

एकट्याच्या जबाबदारीवर नाही. आधी सोसायटीकडून किंवा बिल्डरकडून इमारतीचे स्ट्रक्चरल नकाशे मिळवा आणि ती भिंत भार घेणारी आहे का ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. जुन्या, विटांच्या भारवाही बांधकामात जवळपास प्रत्येक जाड भिंत भार घेते. नव्या, पूर्ण काँक्रीटच्या भिंतींच्या इमारतीत तर पातळ दिसणारी भिंतही आधाराची असते. तिच्यात एसीच्या पाइपसाठी भोक पाडण्याआधीसुद्धा विचारावं लागतं. त्यानंतर सोसायटीची परवानगी आणि गरज असेल तिथे महापालिकेची.

बाथरूमची जागा हलवणं त्याहून धोक्याचं. खालच्याच्या बेडरूमवर तुमचं बाथरूम आलं की गळतीची तक्रार कायमची मागे लागते. ही अट ग्राहकाला करारापूर्वीच सांगावी.

१२. माझं डिझाइन कोणी जसंच्या तसं उचललं तर?

इथे फॅशनवाल्यांची एक चूक भरून न येणारी आहे. नोंदवता येण्याजोगं डिझाइन २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवलं नाही आणि कारखानी पद्धतीने त्याच्या पन्नासहून जास्त प्रती काढल्या, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. आणि नोंदणीसाठी डिझाइन आधी कुठेही प्रसिद्ध झालेलं चालत नाही. इन्स्टाग्रामवर फोटो टाकला की ते प्रसिद्ध झालं. म्हणजे क्रम असा: अर्ज आधी, फोटो नंतर. नोंदणी दहा वर्षं टिकते आणि आणखी पाच वर्षं वाढवता येते. संरक्षण आकार, नक्षी आणि रूप यांना मिळतं, ‘खिसे असलेली साडी’ या कल्पनेला नाही.

याचीच उलट बाजू: पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. यंत्रमागावरची साडी पैठणी म्हणून विकली तर चूक तुमची. ‘पैठणी नक्षीची’ असं म्हणून पळवाट काढण्यापेक्षा कापडाचं खरं नाव आणि धागा लेबलवर लिहावा.

१३. वय ३८ आहे, बारा वर्षं घरी शिवणकाम करते. पदवी नाही. सरकारी मदत मिळेल का?

सप्टेंबर २०२३ पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी आणि सुतार दोन्ही येतात. ओळखपत्र, पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण आणि त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि पाच टक्के व्याजाने तारणाशिवाय आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. कुटुंबात एकालाच लाभ मिळतो, आणि स्वतः किंवा कुटुंबातला कोणी सरकारी नोकरीत असेल तर नाही.

पहिलं कर्ज अठरा महिन्यांत फेडायचं असतं. त्यातून भारी मशीन घेण्याआधी प्रश्न ९ मधला हिशोब आपल्या आकड्यांनी करून पाहावा. बहुतेक घरगुती कामात अडचण शिवण्याच्या वेगाची नसून काज, ओव्हरलॉक आणि इस्त्री बाहेरून करून आणण्यात जाणाऱ्या वेळेची असते. अशा वेळी दुसऱ्या शिलाई मशीनपेक्षा एक ओव्हरलॉक मशीन जास्त कामाचं ठरतं.